पित्ताची गोळी : एकाच घरातील दोन निर्णय

रबाळे गावठाणातील एक वृद्ध जोडपे गेली अनेक वर्षे माझ्याकडे येते. आजोबा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करून निवृत्त झालेले, आता एकोणऐंशी वर्षांचे. आजी चौऱ्याहत्तरच्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोघांची सकाळ एकाच कृतीने सुरू होई. उशाजवळच्या स्टीलच्या डब्यातून प्रत्येकी एक 'पित्ताची गोळी' काढायची, ती पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची आणि अर्ध्या तासाने चहा. औषध एकच, वेळ एकच, घरही एकच. तरीही गेल्या वर्षी आजींची ती गोळी बंद करावी लागली आणि आजोबांची मात्र आग्रहाने चालू ठेवावी लागली. असे का, हे नीट उमगले तर आपल्या घरातील डब्याकडे कसे पाहावे हेही उमगेल; म्हणून आजच्या लेखात त्या दोघांची हकीकत सविस्तर सांगतो.

प्रथम गोळीची ओळख. आपण जिला पित्ताची गोळी म्हणतो ती वास्तविक पित्तावर काम करीत नाही. ती जठरातील आम्ल कमी करते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल आणि लॅन्सोप्राझोल ही या कुळातील नावे आहेत. वेष्टनावर कंपनीचे नाव काहीही असले तरी खाली बारीक अक्षरांत यांपैकी एखादे नाव आढळते. जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात आणि ही औषधे ते पंप बंद पाडतात. अन्नाची चाहूल लागली की पंप कामाला लागतात आणि औषध चालू पंपांनाच पकडते. म्हणून ही गोळी जेवणाच्या वा न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवून उठल्यावर घेतलेली गोळी बव्हंशी कमी काम करते.

या औषधांनी मोठे उपकार केले आहेत, हेही आधीच सांगितले पाहिजे. यांपैकी पहिले औषध, ओमेप्राझोल, १९८८ साली वापरात आले. त्याआधी जठरातील व्रणांसाठी शस्त्रक्रिया करण्याची वेळ कितीतरी रुग्णांवर येत असे. आज व्रण भरून येतो, रक्तस्राव थांबतो, आम्ल वर येऊन सोललेली अन्ननलिका काही आठवड्यांत पूर्ववत होते, ते याच गोळ्यांमुळे. तेव्हा हे औषध वाईट आहे, असा या लेखाचा सूर नाही. प्रश्न एवढाच, की ज्या कारणासाठी गोळी सुरू झाली ते कारण आज उरले आहे काय?

आजींच्या पायांत येणारे गोळे

आजींची गोळी सहा वर्षांपूर्वी सुरू झाली. गुडघेदुखीसाठी त्या तेव्हा रोज वेदनाशामक गोळी घेत होत्या आणि तिने पोटात जळजळ होऊ लागली. एका डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम लिहून दिले. चिठ्ठीवर चार आठवडे असे लिहिले होते. पुढे वेदनाशामक गोळी बंद झाली. पोटाची मात्र सुरूच राहिली. चिठ्ठी केव्हाच हरवली होती. घरातील कोणीतरी दुकानात रिकामे पाकीट दाखवी आणि नवे पाकीट येई. अशा रीतीने चार आठवड्यांची सहा वर्षे झाली. यात निष्काळजीपणा असा कोणाचाच नव्हता. 'कधी थांबवायची' हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती, इतकेच.

गेल्या पावसाळ्याच्या सुमारास आजींच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येऊ लागले. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत. चहाचा कप धरताना हात थरथरे. 'वय झालं, चालायचंच,' असे म्हणून त्यांनी ते अंगावर काढले. सूनबाईंनी दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. एका रात्री पायात गोळा आला म्हणून आजी उठल्या, तोल गेला आणि दाराच्या चौकटीवर आपटल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. पण त्यानंतर छातीत धडधड सुरू झाली आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

रक्तात कॅल्शियम ७.४ होते, ते साधारण ८.५ च्या वर असावयास हवे. पोटॅशियम ३.० होते, ते ३.५ च्या वर हवे. कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही एकदम खाली आले की डॉक्टरांच्या मनात तिसरे नाव येते, मॅग्नेशियम. त्याची तपासणी केली तेव्हा ते ०.८ मिलिग्रॅम निघाले. बहुतेक प्रयोगशाळांत १.७ च्या आसपास खालची मर्यादा मानतात. आजींना शिरेतून मॅग्नेशियम देण्यात आले. रक्तदाबासाठी त्या लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर टाकणारी गोळी घेत होत्या. तिच्यामुळेही मॅग्नेशियम घटते, म्हणून ती बदलून दुसरे औषध देण्यात आले. मॅग्नेशियमच्या गोळ्या लिहून देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले.

तीन आठवड्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मॅग्नेशियम पुन्हा १.१ वर आले होते. गोळ्या नियमित चालू होत्या, रक्तदाबाचे औषध बदललेले होते, जुलाब नव्हते, मद्याचा प्रश्नच नव्हता. मग ते जात कोठे होते? लघवीची तपासणी केली; तीत मॅग्नेशियम अगदी थोडे होते. म्हणजे मूत्रपिंडे ते राखून ठेवण्याचे आपले काम चोख करीत होती. शरीरात ते आतड्यातूनच पुरेसे येत नव्हते. तेव्हा मी सूनबाईंना म्हटले, "घरात आजींची जेवढी औषधं आहेत, तेवढी सगळी पिशवीत घालून आणा." पिशवीत पित्ताच्या गोळीची तीन पाकिटे निघाली. औषधांबद्दल विचारल्यावर आजींनी तिचे नाव कधी घेतलेच नव्हते. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतेच. ती सकाळच्या चहाआधीची सवय होती.

आम्लाच्या गोळीचा मॅग्नेशियमशी संबंध काय, असा प्रश्न आपल्याला पडेल. आतड्याच्या अस्तरात मॅग्नेशियम आत घेणारी विशिष्ट द्वारे असतात. या औषधांच्या दीर्घ वापराने ती नीट काम करेनाशी होतात, असे आजचे आकलन आहे. त्यामुळे वरून मॅग्नेशियम कितीही दिले तरी ते पुरेसे शोषले जात नाही. पुढची साखळी अशी : मॅग्नेशियम फार घटले की गळ्यातील परावटू ग्रंथी कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक पुरेसे सोडत नाहीत, म्हणून कॅल्शियम घसरते, आणि मूत्रपिंडे पोटॅशियम धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून तेही घसरते. आजींच्या कॅल्शियमच्या गोळ्या का लागू पडल्या नाहीत, याचे उत्तर येथे आहे. मूळ तूट भरल्यावाचून वरची तूट भरत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०११ मध्ये या धोक्याबद्दल इशारा दिला. बहुतेक रुग्ण एक वर्षाहून अधिक काळ गोळी घेत होते आणि सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत केवळ मॅग्नेशियम देऊन भागले नाही, गोळी थांबवावी लागली, असे त्या इशाऱ्यात नमूद आहे. गोळी थांबवल्यावर मात्र मॅग्नेशियम साधारण आठवडाभरात सावरते. आजींच्या बाबतीत तसेच झाले. गोळी बंद करून दोन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत मॅग्नेशियम १.८ होते. कॅल्शियम आणि पोटॅशियमही जागेवर आले होते. पोटऱ्यांतील गोळे थांबले.

हा दुष्परिणाम सर्रास आढळणारा नाही. गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला तो होत नाही आणि प्रत्येकाची रक्ततपासणी वारंवार करण्याचीही गरज नाही. परंतु जे वर्षाहून अधिक काळ ही गोळी घेत आहेत आणि त्याबरोबर लघवीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेत आहेत, त्यांनी डॉक्टरांना मॅग्नेशियमबद्दल जरूर विचारावे. येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'इलेक्ट्रोलाइट' या नावाने जी नेहमीची तपासणी होते तीत सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढेच असते. मॅग्नेशियम त्यात नसते. ते वेगळे लिहून घ्यावे लागते. 'क्षार तपासले, सगळे ठीक आहे' असे कोणी सांगितले तर अहवालात मॅग्नेशियमची ओळ आहे का, ते पाहावे.

आजींच्या पाकिटाबाबत आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्यावर नावापुढे 'डी' हे अक्षर होते. त्याचा अर्थ, त्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन हे दुसरे औषधही होते. डोम्पेरिडोन मळमळीसाठी थोडे दिवस घेण्याचे औषध आहे. वयस्कर व्यक्तींत, विशेषतः मोठ्या मात्रेत, ते हृदयाचे ठोके अनियमित करू शकते. आणि मॅग्नेशियम वा पोटॅशियम कमी असेल तर हा धोका आणखी वाढतो. एकाच कॅप्सूलमधील एक औषध मॅग्नेशियम घटवीत होते आणि दुसरे त्या घटीचा धोका वाढवीत होते. आपल्या डब्यातील पाकिटावर 'डी' आहे का, हे आजच पाहावे. असल्यास आणि मळमळ नसल्यास साध्या गोळीवर येता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

हाडांचे काय?

आजी पडल्या तेव्हा त्यांच्या मुलाने मला विचारले, "डॉक्टर, या गोळीनं हाडं ठिसूळ होतात म्हणे?" हा प्रश्न अनेक जण विचारतात आणि त्याचे प्रामाणिक उत्तर थोडे लांब आहे.

२००६ साली ब्रिटनमधील नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढील ज्या व्यक्तींनी वर्षाहून अधिक काळ ही औषधे घेतली, त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी अधिक आढळले. अशाच अभ्यासांच्या आधारे २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खुबा, मनगट आणि मणके यांच्या अस्थिभंगाबद्दल इशारा दिला. ४४ टक्के हा आकडा ऐकून घाबरायला होते. पण तो कशाच्या तुलनेत आहे, हे पाहावे लागते. समजा, एका गावात वर्षाला हजारांतील चार वृद्धांचा खुबा मोडतो. ४४ टक्के वाढ म्हणजे चाराचे जवळजवळ सहा होतात. हजारांतील उरलेल्या ९९४ जणांच्या बाबतीत काहीच घडत नाही.

शिवाय अशा अभ्यासांत एक अडचण असते. दीर्घकाळ गोळ्या घेणारे लोक मुळातच अधिक आजारी, अधिक अशक्त आणि अधिक औषधे घेणारे असतात. मग हाड मोडले ते गोळीमुळे की अशक्तपणामुळे? हे उलगडण्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात; एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. २०१९ साली अशा एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय आणि रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या सतरा हजारांहून अधिक व्यक्तींना पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम किंवा पोकळ गोळी सुमारे तीन वर्षे देण्यात आली. अस्थिभंगात दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ठळक फरक आढळला तो आतड्याच्या संसर्गात. तो गोळी घेणाऱ्यांत १.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत १ टक्का होता.

तेव्हा हाडांविषयी मी असे सांगेन. निव्वळ अस्थिभंगाच्या भीतीने आवश्यक गोळी सोडू नये. मात्र ती चाचणी तीन वर्षांची होती, दहा-पंधरा वर्षांची नव्हती. म्हणून ज्यांना अस्थिसुषिरता म्हणजे ऑस्टिओपोरोसिस आहे, ज्यांचे हाड आधी किरकोळ पडण्याने मोडले आहे किंवा जे दिवसातून दोनदा गोळी घेतात, त्यांनी ती खरोखर हवी आहे का याची फेरतपासणी आवर्जून करावी. चालू ठेवायची ठरलीच तर एक साधी दुरुस्ती करता येते. बाजारातील बहुतांश कॅल्शियमच्या गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात आणि तिला विरघळण्यासाठी आम्ल लागते. आम्ल कमी असताना ती जेवणाबरोबर घ्यावी, किंवा त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेट घ्यावे; त्याला आम्लाची गरज नसते.

आणि मुलाच्या प्रश्नाचे थेट उत्तर? आजी पडल्या त्या हाडे ठिसूळ झाली म्हणून नव्हे. मॅग्नेशियम घटून पायात गोळे आले, रात्री उठावे लागले आणि स्नायूंत बळ नव्हते म्हणून. हाड मोडते ते बहुधा पडण्याने, आणि पडण्याची कारणे पुष्कळदा औषधांच्या डब्यात सापडतात.

आजोबांनी केलेली चूक

आजींची गोळी बंद झाल्याची बातमी घरात पसरली आणि आजोबांनी कोणालाही न विचारता आपलीही गोळी बंद केली. "हिला एवढा त्रास झाला, तर मी कशाला घेऊ?" हे त्यांचे तर्कशास्त्र. नऊ दिवसांनी डबा आवरताना सूनबाईंच्या लक्षात आले की आजोबांच्या पाकिटातील गोळ्या संपतच नाहीत. त्यांनी त्याच दिवशी मला फोन केला. त्या जागरूकतेचे मोल फार मोठे होते.

आजोबांची कहाणी वेगळी आहे. आठ वर्षांपूर्वी त्यांना डांबरासारखी काळी शौच झाली होती. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात रक्तस्राव होणारा व्रण आढळला होता आणि रक्त चढवावे लागले होते. व्रणाला कारण होणाऱ्या जंतूवर तेव्हा उपचारही झाले. त्यानंतर तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आणि तेव्हापासून ते रोज ॲस्पिरिन घेतात. ॲस्पिरिन त्यांच्या हृदयाचे रक्षण करते; परंतु तेच जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करते आणि रक्त गोठू देत नाही. पूर्वी रक्तस्राव झालेला, वय ऐंशीच्या घरात आणि रोजचे ॲस्पिरिन, अशा व्यक्तीला पोटाची गोळी ही जळजळीसाठी नसते. ती पुन्हा रक्तस्राव होऊ नये म्हणून असते. त्यांना जळजळ होत नाही याचा अर्थ गोळीची गरज नाही असा होत नाही. अशा रक्तस्रावाची कित्येकदा पूर्वसूचनाच मिळत नाही.

आजोबांचे हिमोग्लोबिन तपासले, ते ठीक होते. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. मॅग्नेशियमही एकदा पाहून घेतले, तेही व्यवस्थित होते. मी त्यांच्या पाकिटावर जाड अक्षरांत लिहून दिले : 'ॲस्पिरिन चालू आहे तोवर ही गोळी चालू.' कारण लिहिलेले असले की गोळी चुकून बंद होत नाही आणि चुकून चालूही राहत नाही.

कोणाची थांबवता येते?

निर्णयाचा कणा म्हणजे कारण. दुष्परिणामांची यादी वाचून गोळी बंद करायची नसते. कारण उरले नसेल तर बंद करायची असते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली दिलेला सल्लाही याच आशयाचा आहे.

ज्यांना पूर्वी रक्तस्राव होणारा व्रण झाला आहे आणि जे ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे वा वेदनाशामक गोळ्या नियमित घेतात. ज्यांच्या अन्ननलिकेत आम्लाने तीव्र जखमा झाल्याचे दुर्बिणीतून दिसले आहे. अथवा ज्यांच्या अन्ननलिकेचे अस्तर बदलले आहे, ज्याला बॅरेट असे म्हणतात, त्यांनी गोळी आपल्या मनाने थांबवू नये. त्यांच्यासाठी तिचा लाभ धोक्याहून बराच मोठा आहे.

उलटपक्षी, ज्यांची गोळी साध्या जळजळीसाठी सुरू झाली आणि ती जळजळ चार ते आठ आठवड्यांत शमली. ज्यांची ती वेदनाशामक गोळीबरोबर सुरू झाली आणि ती वेदनाशामक आता बंद आहे. किंवा ज्यांना ती रुग्णालयात दाखल असताना खबरदारी म्हणून दिली गेली आणि घरी येताना यादीत तशीच राहून गेली, त्यांनी 'आता थांबवता येईल का?' असे डॉक्टरांना जरूर विचारावे. आजी दुसऱ्या प्रकारात बसत होत्या. त्यांना मॅग्नेशियमचा त्रास झाला नसता तरी ती गोळी पाच वर्षांपूर्वीच थांबायला हवी होती.

गिळताना अन्न अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा पंडुरोग यांपैकी काही असेल तर प्रश्न गोळी चालू-बंदचा राहत नाही. आधी तपासणी हवी. आणि छातीतील प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. चालताना वा जिना चढताना येणारी, घाम फुटणारी, हाताकडे वा जबड्याकडे सरकणारी जळजळ हृदयाची असू शकते.

थांबवताना येणारी फसवी जळजळ

गोळी थांबवण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात आणि चौथ्या दिवशी परत सुरू करतात. 'थांबवली की लगेच जळजळ होते, म्हणजे मला ती लागतेच,' असा त्यांचा समज होतो. हा समज बहुतांशी चुकीचा असतो.

आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवले की शरीर ते वाढवण्याचा प्रयत्न करते. गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढते आणि आम्ल तयार करवणाऱ्या पेशीही वाढतात. गोळीचा दाब अचानक उठला की ही वाढलेली यंत्रणा काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाचा कोणताही विकार नसलेल्या निरोगी व्यक्तींना आठ आठवडे असे औषध देऊन मग थांबवले. त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना पुढील आठवड्यांत आम्लाचा त्रास झाला. पोकळ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना आजारच नव्हता त्यांनाही गोळी थांबवल्यावर जळजळ झाली, यातच सारे आले. ही जळजळ म्हणजे जुना आजार परतणे नव्हे; ती गोळी सुटण्याची जळजळ असते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते.

आजींची गोळी मॅग्नेशियममुळे एकदम थांबवावी लागली. म्हणून मी त्यांना आधीच सांगून ठेवले : "आजी, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जळजळ होईल. घाबरू नका, आणि जुनं पाकीट शोधू नका." रात्री घेण्यासाठी फॅमोटिडिन २० मिलिग्रॅम दिले. ते वेगळ्या प्रकारे आम्ल कमी करते आणि मॅग्नेशियमच्या बाबतीत या गोळीचा पर्याय म्हणून वापरता येते. दिवसा त्रास झाला तर पातळ अँटासिडचे दोन चमचे. रात्रीचे जेवण साडेनऊवरून साडेसातवर आणले, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे व्हायचे नाही असे ठरले आणि पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवल्या. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही. त्याने पोट दुमडते, कंबरेपासूनचे अंग उंच व्हायला हवे. पहिले दहा दिवस आजींना जड गेले. तिसऱ्या आठवड्यात त्रास निम्म्यावर आला. सहाव्या आठवड्यात फॅमोटिडिनही थांबले. आता महिन्यातून एखाद्या वेळी, बहुधा लग्नाच्या पंगतीनंतर, त्या अँटासिड घेतात.

ज्यांना असा तातडीचा प्रश्न नाही त्यांनी सावकाश उतरणे अधिक सुसह्य असते. दिवसातून दोनदा असेल तर आधी एकदा, ४० मिलिग्रॅम असेल तर दोन ते चार आठवडे २० मिलिग्रॅम, मग दिवसाआड, आणि मग बंद, किंवा गरजेपुरती. एकदम थांबवले तरी चालते. पण कोणती वाट धरायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. येथे एक चूक हमखास होते. मात्रा निम्मी करायची म्हणून ४० ची गोळी मोडून अर्धी घेतली जाते. तसे करू नये. या गोळ्यांवर आम्लापासून बचाव करणारे आवरण असते. गोळी मोडली की औषध जठरातच नष्ट होते. २० मिलिग्रॅमची वेगळी गोळी मिळते, तीच घ्यावी. कॅप्सूलमधील दाणेही चावू नयेत. तसेच मूत्रपिंडे दुबळी असतील तर मॅग्नेशियम असलेले अँटासिड डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. तेथे मॅग्नेशियम कमी पडण्याऐवजी साचण्याचा धोका असतो.

मूत्रपिंडांचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. भारताच्या औषध महानियंत्रकांनी या औषधांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडांना अचानक होऊ शकणाऱ्या इजेचा उल्लेख करण्याविषयी सूचना दिल्या होत्या. कोणत्याही औषधाने आपल्याला काही अपाय झाला असे वाटल्यास त्याची नोंद सामान्य नागरिकालाही करता येते. औषधसुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. आपली नोंद पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडते.

रबाळ्यातील त्या घरात आता डबे दोन झाले आहेत. आजोबांच्या डब्यावर कारण लिहिलेले आहे. आजींच्या डब्यात पित्ताची गोळी नाही. त्या सकाळी उठून सरळ चहाच घेतात. आपल्या घरीही आज सायंकाळी सारी औषधे एका पिशवीत भरावी आणि सवय होऊन बसलेल्या गोळीलाही त्यात घालावे. मग प्रत्येक पाकिटापुढे दोन गोष्टी लिहाव्यात : ती कशासाठी सुरू झाली आणि केव्हापासून चालू आहे. ज्या पाकिटापुढे पहिले उत्तर लिहिता येणार नाही ते पाकीट फेकू नये. पुढच्या भेटीत तेच डॉक्टरांसमोर प्रथम ठेवावे.